मावशींसाठी चिठ्ठी: तेल, माप आणि डाळ (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५, सोमवार

नवऱ्याच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेले निघाले. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: तेल कमी करा, जेवण मोजून घ्या, डाळ वाढवा. कागद घरी आणला आणि लक्षात आलं की हे तिन्ही करणार कोण, तर मावशी. त्या सकाळी आठला येतात. नाश्ता, पोळ्या, दोन भाज्या, आमटी, भात, सगळं दहापर्यंत उरकतात. संध्याकाळी मी फक्त गरम करते. घरातल्या तेलाचा थेंब न् थेंब त्यांच्या हातून पडतो.

म्हणून ठरवलं की त्यांच्यासाठी एक चिठ्ठी लिहायची. ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून लावायची. ती वाचून त्यांना मला काही विचारावं लागू नये, इतकी ती नेमकी हवी. जेवणारे आम्ही चौघं: आम्ही दोघं, सासूबाई आणि चौदा वर्षांचा मुलगा.

४ जून, बुधवार

लिहिण्याआधी मोजायला हवं. आज रजा घेऊन स्वयंपाकघरात थांबले. तेलाचा कावळा, म्हणजे आमचं ते चोचीचं स्टीलचं भांडं, प्रत्येक पदार्थानंतर काट्यावर ठेवून वजन लिहीत गेले. मावशींना सांगितलं, "किती लागतं ते बघतेय, तुम्ही रोजच्यासारखंच करा." त्यांनी तसंच केलं.

पोह्यांना ३४ ग्रॅम, भरल्या वांग्यांना ४४, कोबीला २२, आमटीच्या फोडणीला १६. आणि चौदा पोळ्यांना ५२. एकूण १६८ ग्रॅम, माणशी ४२.

वांग्यांचा आकडा अपेक्षित होता, तर्री दिसतच होती. पोळ्यांचा नव्हता. कणीक मळताना थोडं, मग प्रत्येक पोळीला घडीत चमचाभर आणि तव्यावरून उतरल्यावर वरून हात. पोळीत तेल दिसत नाही, म्हणून ते कोणी धरतच नाही. आमच्या घरात मात्र सगळ्यात जास्त तेल पोळीच पीत होती.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांमध्ये दिवसाला २००० कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेत. चौघांचे १०८. त्यातले १८ ग्रॅम तूप, वरणभातावर आणि सासूबाईंच्या पोळीला, ते मी काढणार नाही. उरले ९० ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ९० ग्रॅम म्हणजे जवळपास १०० मिली. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. दिवसाला १०० मिली, महिन्याला ३ लिटर. आत्ता साडेपाच जातंय.

५ जून, गुरुवार

आज डाळ. मावशी चौघांच्या आमटीला अर्धी वाटी तूरडाळ लावतात. आमची वाटी १५० मिलीची, सपाट भरली तर तूरडाळ १२६ ग्रॅम बसते. म्हणजे अर्धी वाटी ६३ ग्रॅम, माणशी १६. त्यात प्रथिनं भरतात साडेतीन ग्रॅम. वाटीभर आमटी रोज पुढ्यात असते, त्यामुळे आम्ही भरपूर डाळ खातो असं मला मनापासून वाटत होतं. ती वाटी बहुतेक पाण्याची होती.

डाळ, कडधान्यं मिळून (आणि जे खातात त्यांचं अंडं-मांस धरून) त्याच आहारसूचनांमध्ये माणशी ८५ ग्रॅम आहेत, कोरडी मोजून. आम्ही शाकाहारी, म्हणजे ते सगळं डाळीतूनच यायला हवं.

रात्री वहीत हिशेब मांडला आणि एक गोष्ट स्वच्छ दिसली. तेल माणशी साडेएकोणीस ग्रॅम कमी झालं की सुमारे १७५ कॅलरी सुटतात. डाळ माणशी साठएक ग्रॅम वाढली की दोनशेच्या आसपास येतात. म्हणजे तेलानं रिकामी केलेली जागा डाळ जवळजवळ पूर्ण भरते, त्यामुळे कोणी उपाशी राहायचा प्रश्न नाही. आम्हा दोघांचा भात थोडा उतरवला की झालं. मुलाच्या वाढीचं वय आहे, त्याचं काही काढायचं नाही. सासूबाई मुळातच कमी खातात.

९ जून, सोमवार

पहिली चिठ्ठी लावली. ती अशी होती: "रोज तेल ९० ग्रॅमपेक्षा जास्त नको. डाळ ३४० ग्रॅम. सध्या तेल १६८ ग्रॅम जातं, ते फार आहे."

मावशींनी वाचली. काही बोलल्या नाहीत. पोळ्या लाटून झाल्यावर, हात पुसत, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ताई, तेल फार जातं म्हणता. मी काय घरी नेते का?"

मला तिथंच बसायला झालं. काटा घेऊन मी सकाळभर त्यांच्या पाठीशी उभी होते आणि कारण सांगितलं नव्हतं. आठ वर्षं त्या या घरात रांधतात. तेलाचा हिशेब मागितला की स्वयंपाक करणाऱ्या बाईला काय ऐकू येतं, हे मला आधी कळायला हवं होतं. चिठ्ठी त्यांच्यादेखत काढली. तपासणीचा कागद आणून दाखवला, कुठला आकडा वाढलाय ते सांगितलं. त्यांच्या दिरालाही हेच निघालं होतं म्हणे. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "आधी बोलायचं ना. चमच्यानं सांगा, ग्रॅम मला कळत नाही."

दुरुस्ती: चिठ्ठीची सुरुवात कारणानं. ग्रॅम अजिबात नाही. फक्त चमचा, वाटी आणि खूण.

१० जून, मंगळवार

चमचा कुठला, हा साधा प्रश्न नाही. घरातले चहाचे तीन वेगवेगळे चमचे पाण्यानं तपासले. दहा चमचे पाणी काट्यावर ५० ग्रॅम भरलं तर तो चमचा ५ मिलीचा. एकाचं ३८ भरलं, एकाचं ६८. मोठ्या चमच्यानं वीस चमचे घातले असते तर १०० मिलीचे १३६ झाले असते आणि आम्ही दोघीही प्रामाणिकपणे मोजतोय असंच समजलो असतो. खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला ५ मिलीचा चमचा बरोबर निघाला, पण तो प्लास्टिकचा, कढईजवळ टिकणार नाही. त्याच मापाचा स्टीलचा चमचा आणला आणि दांड्याला लाल दोरा बांधला.

वीस चमच्यांची वाटणी मावशींबरोबर बसून केली. पोहे ४. पोळ्या ५, त्यात मळताना १ आणि घडीला ४. रसभाजी किंवा उसळ ५. कोरडी भाजी ४. आमटी २. पोळीवर उतरल्यावर तेल नाही. ज्याला हवं त्यानं ताटात तूप घ्यावं, ते वेगळं धरलेलंच आहे.

घडीच्या चार चमच्यांत चौदा पोळ्या होणार नाहीत असं त्या म्हणाल्या. मग करून बघितलं. चार चमचे तेल छोट्या वाटीत काढायचं, त्यात दोन बोटं टेकवायची, पोळीवर पुसायची, वर कोरडं पीठ भुरभुरवायचं आणि घडी घालायची. पदर सुटतात. पोळी मऊ राहते ती कणकेतल्या पाण्यामुळे, तेलामुळे तितकी नाही. म्हणून कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवायची. तव्यावर पोळी जास्त वेळ राहिली तर कमी तेलाची पोळी दुपारी डब्यात कडक होते. तवा चांगला तापवून पटकन भाजायची.

१२ जून, गुरुवार

आमटीची फोडणी जळली. दोन चमचे तेल नेहमीच्या मोठ्या कढईत घातलं, ते पसरून नुसता पापुद्रा उरला. मोहरी अर्धी तेलाबाहेर. ती तडतडायची वाट बघेपर्यंत हळद काळी पडली आणि आमटी कडवट झाली. मावशींचा चेहरा पडला. "तेल कमी म्हणजे असंच होणार," म्हणाल्या.

तेल पुरेसं होतं, भांडं मोठं होतं. माळ्यावरून सासूबाईंचं जुनं लोखंडी कढलं काढलं. त्यात दोन चमचे तेल न पसरता तळाशी उभं राहतं, मोहरी बुडते, सगळी फुटते. मोहरी, मग गॅस बंद, मग हिंग, हळद, कढीपत्ता, शेवटी तिखट. तिखट बंद गॅसवर घातलं की कमी तेलातही रंग येतो. आज संध्याकाळी मी स्वतः करून बघितलं. उद्या त्यांना दाखवीन.

१६ जून, सोमवार

भाज्यांचं गणित बसतंय. कांदा परतायला पूर्वी तेलाची धार जायची. आता कांद्यात सुरुवातीलाच मीठ घालतात. कांदा स्वतःचं पाणी सोडतो आणि त्यातच मऊ होतो. तळाला लागायला आला की पाण्याचा एक हबका. झाकणीवर पाणी ठेवून वाफ काढायची पद्धत मावशींना माहीत होतीच, त्यांच्या आईची ती रोजची रीत. तेल हाताशी भरपूर असल्यामुळे ती मागे पडली होती, एवढंच.

एका ठिकाणी मात्र त्या अडल्या. मसाला परतून झालाय हे त्या तेल सुटलं की ओळखतात. पाच चमच्यांत तेल सुटतच नाही, म्हणून त्या परतत राहिल्या आणि मसाला करपला. दुसरी खूण शोधायला हवी होती. दोघींनी मिळून ठरवली: कच्च्या आल्या-लसणाचा वास जातो, मसाल्याचा रंग एक छटा गडद होतो आणि उलथनं फिरवलं की गोळा कढईच्या कडेला न चिकटता एकत्र फिरतो. तिथं थांबायचं आणि गरम पाणी घालायचं. कांदा-खोबरंही आता तेलावर भाजत नाही. खोबरं कोरडं, कांदा अख्खा जाळावर.

भेंडी या मापात बसत नाही. चार चमच्यांत ती चिकट झाली. भेंडी असेल त्या दिवशी पोह्यांऐवजी उपमा किंवा थालीपीठही नको, तेल दोन्हीकडे लागतं. इडली करायची आणि तिकडचे वाचलेले दोन चमचे भेंडीला द्यायचे. भेंडी पुसून कोरडी करायची, झाकण ठेवायचं नाही, शेवटी आमसूल.

१९ जून, गुरुवार

दहा दिवस डाळ एक वाटी केली आहे. अर्ध्या वाटीवरून एकदम दोन-अडीच वाटीवर उडी मारली असती तर सगळ्यांची पोटं फुगली असती. सासूबाईंना तरीही दोन दिवस जड वाटलं. त्यांच्यासाठी तूर थांबवून सालाशिवायची मूगडाळ लावली, त्रास गेला. त्यांच्या मूत्रपिंडाची तपासणी डॉक्टरांना आधीच विचारून घेतली होती. तिथं दोष असता तर डाळ वाढवणं त्यांच्या बाबतीत चूक ठरलं असतं आणि चिठ्ठीत त्यांचं वेगळं लिहावं लागलं असतं.

आज नवीन अडचण. तूर चार शिट्ट्यांनंतरही दाणेदार. वरती पिवळं पाणी, तळाला डाळ. मावशींनी वेळ वाचावा म्हणून टोमॅटो आणि आमसूल डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकलं होतं. आंबट असलं की डाळ लवकर शिजत नाही. मागेही त्या असं करायच्या म्हणे, पण अर्धी वाटी डाळ भरपूर पाण्यात हरवून जायची, त्यामुळे कच्ची राहिल्याचं कळत नव्हतं. आता डाळ जास्त, म्हणून लगेच दिसलं.

पातळ आमटी ओळखायची खूणही यातूनच मिळाली. आमटी वाटीत दहा मिनिटं ठेवायची. वर बोटाच्या पेरापेक्षा जास्त निवळ पाणी दिसलं तर ती पातळ. एक वाटी डाळ शिजून घोटली की जवळपास तीन वाट्या वरण होतं. त्याची आमटी पाच वाट्यांपर्यंत चालते. पातेल्यात पाच वाट्या पाणी ओतलं आणि पातळीला बाहेरून तारेनं ओरखडा काढला. पाणी त्या खुणेपर्यंतच.

२३ जून, सोमवार

उरलेली डाळ आमटीतून येणार नाही, कोणी तेवढी आमटी पिणार नाही. म्हणून आठवड्यात चार दिवस रसभाजीच्या जागी उसळ: मटकी, मूग, मसूर, चवळी. एक वाटी कोरडं कडधान्य. भिजवणं माझ्याकडे घेतलं, कारण त्या सकाळी येतात आणि भिजवायचं आदल्या रात्री असतं. हे काम त्यांच्या चिठ्ठीत लिहून उपयोग नव्हता. उसळ नसेल त्या दिवशी भाजीतच डाळ: दुधीत चणाडाळ, पालकात मूगडाळ, दोडक्यात मूगडाळ. अर्धी वाटी. आणि आठवड्यातून दोनदा नाश्त्याला मुगाची धिरडी.

आमटी आणि उसळ धरून उसळीच्या दिवशी माणशी ६० ते ६५ ग्रॅमपर्यंत जातो. इतर दिवशी कमी. ८५ रोज गाठायचा हट्ट मी सोडला आहे. सोळावरून इथवर येणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि पोळी-भाताबरोबर डाळ असली की तिचा उपयोगही अधिक होतो. धान्यात लायसिन कमी, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवतं.

२५ जून, बुधवार

चिठ्ठीचा शेवटचा मसुदा मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावला. पूर्ण मजकूर इथे ठेवते:

"मावशी, दादांच्या रक्तात चरबी वाढली आहे, म्हणून सगळ्या घराचं तेल कमी करायचं आहे. तुमच्या हाताची चव आहे तशीच हवी.

दिवसाचं तेल मी काचेच्या लहान बाटलीत काढून ठेवते. सगळं त्यातूनच घ्या. लाल दोऱ्याचा चमचा वापरा. पोहे ४. पोळ्या: मळताना १, घडीला ४, वरून नाही. उसळ किंवा रसभाजी ५. कोरडी भाजी ४. आमटी २, छोट्या कढल्यात. बाटलीत उरलं तर राहू द्या. कमी पडलं तर मला हाक मारा, कावळ्यातून घेऊ नका.

आमटीला सपाट एक वाटी डाळ, पाणी पातेल्याच्या खुणेपर्यंत. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. उसळीचं मी भिजत घालते, सगळं वापरा.

भाताला दोनऐवजी दीड वाटी तांदूळ. पोळ्या चौदाच. दादांच्या डब्यात भात एक वाटी आणि उसळ दोन वाट्या. बाळाच्या डब्यात नेहमीइतकं सगळं, उसळ जास्त.

पाहुणे असतील त्या दिवशी ही चिठ्ठी बाजूला. मी वेगळं सांगीन."

शेवटची ओळ मावशींनी घालायला लावली. पाहुण्यांच्या पानात कोरडी भाजी वाढली तर नाव त्यांचं जातं, आणि ते खरंच आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. घरात उपास, साबुदाण्याची खिचडी तुपात. आजचं तेल शून्य, तूप मात्र २६ ग्रॅम. डाळही नाही, दाण्याचा कूट तेवढा. अशा दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करायला गेलं की पोट बिघडतं, म्हणून आजचा दिवस जसा आहे तसा सोडला.

१३ जुलै, रविवार

मावशी गेल्या आठवड्यापासून म्हणत होत्या, आखाड तळायचा राहिलाय. आषाढात कापण्या न करणं त्यांना पटणारं नव्हतं आणि मलाही नको होतं. बाटलीत रोज थोडंथोडं उरलेलं त्या एका बरणीत साठवत होत्या, मला न सांगता. बरणी समोर ठेवून म्हणाल्या, "हे बघा, आपलं वाचलेलं." ३०० मिली होतं.

लहान खोल कढईत तेच ओतलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या कापण्या, वरून खसखस. तळून झाल्यावर तेल निववून मोजलं, १८५ मिली राहिलं. ११५ मिली कापण्यांत गेलं, म्हणजे एका दिवसाच्या तेलापेक्षा थोडं जास्त, आणि डबा सहा दिवस पुरेल. उरलेलं गाळून पुढच्या दोन दिवसांच्या बाटलीत घालायचं ठरलं, पुन्हा तळायला घ्यायचं नाही.

१९ जुलै, शनिवार

२५ जूनपासून आजपर्यंत २५ दिवसांचं अडीच लिटर तेल धरलं होतं. कापण्यांसकट त्यापेक्षा जास्त गेलं नाही. कावळ्यातून एकदाही घेतलेलं नाही.

मुलाचा डबा दोनदा परत आला, दोन्ही वेळा चवळीची उसळ. मटकी संपवतो. सोमवारपासून चवळी फक्त रविवारी घरी, डब्यात मटकी किंवा मसूर. मावशी म्हणतात मसूर कोरडी करून वर कांदा-लिंबू वेगळं बांधून देते, म्हणजे दुपारपर्यंत पाणी सुटणार नाही. तसं चिठ्ठीत त्यांच्याच अक्षरात लिहायला सांगितलं आहे.

नवऱ्याची पुढची तपासणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.